ऋणचिन्हाची हद्द

कागदावर −2² एवढीच राशी लिहून ती चार सुशिक्षित माणसांपुढे ठेवली, तर काही जण तिची किंमत −4 सांगतील, काही जण 4 सांगतील, आणि दोन्ही पक्षांना आपापल्या उत्तराविषयी इतकी खात्री असेल, की दुसऱ्या पक्षाचे शालेय गणित कच्चे राहिले असावे असा निष्कर्ष काढावयास कोणालाही फारसा वेळ लागणार नाही. गणिताच्या रूढ शिरस्त्याप्रमाणे −2² ची किंमत −4 आहे आणि (−2)² ची किंमत 4 आहे, हा निवाडा मी आरंभीच सांगून टाकतो. परंतु निवाडा ऐकवल्याने ही तकरार मिटत नाही, असा अनुभव गणिताच्या बहुतेक शिक्षकांना असतो. कारण 4 म्हणणाऱ्याची कैफियत वरकरणी बिनतोड असते. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण असत नाही, ही गोष्ट शाळेनेच त्याला शिकविलेली असते. मग डोळ्यांसमोर वर्गाचे चिन्ह धडधडीत दिसत असता उत्तर ऋण कसे यावे, असे तो विचारतो, आणि 'नियमच तसा आहे' एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होऊ नये हे योग्यच आहे.

या कैफियतीत दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळून गेले आहेत. ऋण संख्येचा वर्ग किती येतो, हा एक प्रश्न. आणि कागदावर जे लिहिले आहे त्यात वर्ग नेमका कोणाचा करावयाचा आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न सिद्धांताचा आहे आणि त्याचे उत्तर कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. ऋणाने ऋणास गुणिले असता धन येते, हे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त स्पष्ट सांगितले आहे, आणि ज्याला ग्रंथाचा दाखला पुरेसा वाटत नाही त्याने दोन ओळींचा पडताळा स्वतः घ्यावा. 2 आणि −2 यांची बेरीज शून्य. या शून्याला −2 ने गुणले तर गुणाकारही शून्यच आला पाहिजे. म्हणजे (−2)×2 आणि (−2)×(−2) या दोन गुणाकारांची बेरीज शून्य झाली पाहिजे. पैकी पहिला गुणाकार −4 आहे, तेव्हा दुसरा 4 असल्यावाचून गत्यंतर नाही. 4 म्हणणारा गृहस्थ येथपर्यंत पूर्णपणे बरोबर आहे. त्याची चूक पुढे होते: −2² मध्ये −2 चा वर्ग करावयास सांगितले आहे असे तो गृहीत धरतो, आणि हे गृहीत धरण्यास लेखनाच्या संकेताचा आधार नाही. −4 ही कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग नाही हे खरेच. ती 2 च्या वर्गाची विरुद्ध संख्या आहे, आणि −2² या लेखनाचा अर्थही तेवढाच आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. घातांकाची हुकमत कोठवर चालते? तो ज्या चिन्हाच्या उजव्या खांद्यावर बसलेला असतो त्या एका चिन्हापुरती. आणि ते चिन्ह जर मिटणारा कंस असेल, तर त्या कंसाने वेढलेल्या सर्व मजकुरापुरती. 3x² लिहिले असता कोणीही त्याचे वाचन 3x गुणिले 3x असे करीत नाही. 3 हा सहगुणक वर्गाच्या बाहेर आहे, वर्ग फक्त x चा आहे, आणि x ची किंमत 2 असेल तर उत्तर 36 येत नसून 12 येते, याविषयी बीजगणिताचे पहिले वर्ष पार केलेल्या कोणाचाही मतभेद असत नाही. −x² ची गोष्ट याहून यत्किंचितही वेगळी नाही, कारण तेथील सहगुणक −1 आहे; लेखणीचे श्रम वाचविण्यासाठी एक हा अंक गाळण्याचा आपला रिवाज असल्यामुळे मागे केवळ आडवी रेघ उरते, आणि ती एकटी पडली की पुढच्या अक्षराचाच भाग आहे असा भास होऊ लागतो. जो विद्यार्थी 3x² बरोबर वाचतो तोच −x² चूक वाचतो, याचे कारण बहुधा ही गाळलेली एकक संख्याच असावी.

हा संकेत असाच का ठरावा, याला मात्र सोयीपेक्षा अधिक बळकट कारण आहे. 9 − x² ही राशी घ्या. येथील उण्याचे चिन्ह वजाबाकीचे आहे, आणि x चा वर्ग करून तो 9 मधून वजा करावयाचा, याबद्दल दुमत नाही. x ची किंमत 2 असता उत्तर 5 येते. आता याच राशीतील पदांची जागा बदलून ती −x² + 9 अशी लिहिली, तर उत्तर तेच राहिले पाहिजे, कारण बेरजेत पदे मागेपुढे केल्याने काही बिघडत नाही, या तत्त्वावरच सारे बीजगणित चालते. परंतु राशीच्या आरंभी आलेले ऋणचिन्ह जर घातापूर्वी अमलात आणावयाचे ठरविले, तर याच राशीची किंमत 13 होईल. म्हणजे पद उजवीकडे असले की एक मोल आणि डावीकडे नेले की दुसरे, असा प्रकार होईल, आणि कोणतीही बहुपदी तिची पदे चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावण्याची मुभा न राहता जशी प्रथम लिहिली तशीच जन्मभर ठेवावी लागेल. ही आपत्ती टाळावयाची तर वजाबाकीचे चिन्ह आणि संख्येपूर्वी एकटे आलेले ऋणचिन्ह या दोघांना पंक्तीत एकच पाट देणे आणि घाताला त्या दोघांच्याही वर बसविणे, एवढाच मार्ग उरतो, आणि गणिताने तोच पत्करला आहे.

आपल्याकडील विद्यार्थ्याची येथे आणखी एक अडचण होते, आणि तिचा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. क्रियांचा क्रम लक्षात राहावा म्हणून मराठी शाळांतून 'कंचेभागुबेव' हे सूत्र पाठ करून घेतात: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. अपूर्णांकांच्या आणि साध्या पदावल्यांच्या वयात हे सूत्र आपले काम चोख बजावते. पण त्यात घाताला जागा नाही, आणि संख्येपूर्वी एकट्या येणाऱ्या ऋणचिन्हाचा तर उल्लेखही नाही. सूत्र पाठ झाल्यानंतर काही काळाने घातांक येतात, तेव्हा त्यांना कंसाच्या खालोखाल आणि गुणाकार-भागाकाराच्या वर बसवावे असे तोंडी सांगितले जाते; परंतु ऋणचिन्ह वजाबाकीच्या शेवटच्या पाटावर बसते, हे सांगण्याची आठवण क्वचितच कोणाला राहते. त्यामुळे विद्यार्थी आपल्या मनाने तजवीज करतो, की −2 ही एक सबंध संख्या आहे, ती संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे एका ठिपक्याने दाखविलेली आपण पाहिली आहे, तेव्हा तिच्यावर घातांक आला तर तो त्या सबंध संख्येवरच आला असला पाहिजे. ही विचारसरणी मूर्खपणाची मुळीच नाही. फक्त रूढ लेखनपद्धती तिच्या बाजूची नाही.

असे म्हणण्याचे कारण असे, की ही विचारसरणी ज्या लेखनपद्धतीत अगदी शोभून दिसली असती ती आपल्याच देशात काही शतके प्रचारात होती. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (त्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'चा काळ इ. स. ११५० चा) ऋण संख्या दाखविण्यासाठी अंकाच्या डोक्यावर बिंदू देण्याची पद्धत आहे. तेथे ऋणत्व हे अंकाच्या पुढे सुटे उभे राहत नसून अंकाच्याच अंगावर असते. त्यामुळे बिंदू दिलेल्या दोनाचा वर्ग करा म्हटले की तो ऋण दोनाचाच वर्ग असणार, आणि तो धन चार येणार, यात संशयाला जागा राहत नाही. अव्यक्त राशीच्या वर्गाला ते 'याव' म्हणत, म्हणजे यावत्तावत् याच्या वर्गाचे संक्षिप्त रूप, आणि सहगुणक त्याच्यापुढे अंकाने लिहीत. सहगुणक एक असला तरी तो गाळीत नसत. म्हणून आज आपण जे −x² असे लिहितो ते त्या पद्धतीत 'याव' आणि त्यापुढे डोक्यावर बिंदू असलेला १, असे लिहिले जाई, आणि ऋणत्व सहगुणकाचे आहे, वर्ग झालेल्या राशीचे नव्हे, ही गोष्ट लेखनातच उघड राही. धन आणि ऋण दोहोंचाही वर्ग धनच असतो, आणि ऋण संख्या ही वर्गसंख्याच नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. म्हणजे आपल्या 4 म्हणणाऱ्या गृहस्थाचा सिद्धांत तेथे आहेच, आणि त्याचा गोंधळ करणारे लेखन मात्र तेथे नाही.

आपण आज वापरतो ती खांद्यावरच्या घातांकाची पद्धत युरोपातून आली. देकार्तने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथामुळे ती रूढ झाली. गंमत अशी, की घन आणि त्यापुढील घातांना खांद्यावर अंक देणारा देकार्त वर्गासाठी मात्र बहुधा तेच अक्षर दोनदा लिहीत असे, म्हणजे a² ऐवजी aa. −aa असे लिहिलेले पाहून त्यातील उण्याचे चिन्ह दोन्ही अक्षरांना लावावे असे कोणाच्या मनात येणार नाही. घातांक हे याच पुनरावृत्तीचे संक्षिप्त लेखन आहे, आणि संक्षेप केल्याने मूळ मजकुराचा अर्थ बदलू नये, एवढे मान्य केले म्हणजे −a² चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात ही चूक उघड्या −2² पाशी फारशी घडत नाही. ती घडते अक्षराच्या जागी ऋण किंमत ठेवताना, आणि तिचे खरे घर म्हणजे वर्गसमीकरणाचा विवेचक. x² − 5x + 6 = 0 हे समीकरण घेतले, तर सूत्रातील a = 1, b = −5, c = 6, आणि विवेचक b² − 4ac. येथे b च्या जागी त्याची किंमत ठेवताना कंस सोबत नेला तर (−5)² − 4×1×6, म्हणजे 25 − 24, म्हणजे 1 येते, आणि मुळे 3 व 2 मिळतात. परंतु b हे एकच अक्षर असल्यामुळे त्याच्यावर घातांक असताना कंसाची गरज नव्हती. त्याच्या जागी −5 हा दोन चिन्हांचा मजकूर आला की ती गरज उत्पन्न होते, आणि घाईत नेमका तोच कंस राहून जातो. मग कागदावर −5² − 4×1×6 असे उतरते. विद्यार्थी हाताने करीत असेल तर मनात 25 धरून पुढे जातो आणि चुकीच्या लेखनातून बरोबर उत्तर काढतो, ज्यामुळे ती चूक कोणाच्या नजरेस येत नाही; पण तेच अक्षरशः शास्त्रीय गणनयंत्रावर, ऋणचिन्हाची (−) ही कळ दाबून, मग 5, मग x² ची कळ, अशा क्रमाने दिले, तर यंत्र −25 देते, विवेचक −49 होतो, आणि मुळे वास्तव नाहीत असा शेरा मारून विद्यार्थी मोकळा होतो. यंत्राने यात काही गैर केलेले नाही. त्याने शिरस्त्याचे पालन केले आहे. याउलट, ज्या जुन्या धर्तीच्या यंत्रांत आधी 5 देऊन मग चिन्ह बदलण्याची कळ आणि त्यानंतर वर्गाची कळ दाबावी लागे, ती 25 देत, कारण पडद्यावर त्या क्षणी जी संख्या उभी असेल तिचा वर्ग करणे एवढेच त्यांना ठाऊक होते.

−49 सारखे उत्तर निदान संशय तरी उत्पन्न करते. अधिक फसवे उदाहरण म्हणजे x² − 5x − 14 = 0. येथे c ऋण असल्यामुळे −4ac हे पद +56 होते; खरा विवेचक 25 + 56 = 81, आणि मुळे 7 व −2. कंस गळाला तर विवेचक −25 + 56 = 31 येतो. ही संख्या धन आहे, तिला वर्गमूळ आहे, आणि त्यावरून मुळे सुमारे 5.28 व −0.28 अशी निघतात, ज्यांच्याकडे पाहून कोणाची भुवई उंचावण्याचे कारण नाही. आता एखादा दक्ष विद्यार्थी ताळा करू पाहील आणि मुळांची बेरीज 5 आली पाहिजे हे आठवून 5.28 मधून 0.28 वजा करील. बेरीज बरोबर 5 भरेल, आणि तो निश्चिंत होईल. बेरजेच्या ताळ्यात ही चूक कधीच सापडत नाही, याचे कारण विवेचकाचे वर्गमूळ एका मुळात मिळविलेले आणि दुसऱ्यात वजा केलेले असते, त्यामुळे बेरीज करताना ते, खरे असो वा खोटे, नाहीसेच होते. ताळा करावयाचा तो गुणाकाराचा: मुळांचा गुणाकार −14 यावयास हवा, आणि येथे तो −1.5 येतो. याहून सोपी खूण म्हणजे विवेचकात 4ac परत मिळवून पाहणे. मिळवणीनंतर जी संख्या उरते ती b² असली पाहिजे, आणि ती ऋण निघाली तर कंस कोठे गळाला ते निराळे शोधावे लागत नाही.

विषम घातांच्या बाबतीत ही सारी तकरार उद्भवतच नाही, आणि त्यामुळेच ती पुष्कळ दिवस लपून राहते. (−2)³ आणि −2³ दोन्ही −8 आहेत, पाचव्या घाताला दोन्ही −32 आहेत. ज्याने आपली समजूत घनांवर तपासून पाहिली त्याला ती बरोबरच आढळेल. समघातांना मात्र दोहोंत अंतर पडते, आणि शून्य हाही समच असल्यामुळे (−2)⁰ हे 1 तर −2⁰ हे −1 होते, ज्याचा विसर चांगल्या चांगल्यांना पडतो. श्रेढीतील पदांची चिन्हे एकाआड एक पालटावीत म्हणून जे (−1)ⁿ लिहितात, त्यातील कंस गळाला तर −1ⁿ ही राशी n काहीही असो, −1 च राहते, आणि एकाआड एक धन-ऋण होणारी श्रेढी आरंभापासून अखेरपर्यंत ऋण होऊन बसते.

येथवर जो शिरस्ता सांगितला त्याला सारे जग बांधलेले असते तर हा लेख येथेच संपला असता. परंतु कचेऱ्यांतून आणि पेढ्यांतून आज ज्याच्यावर सर्वांत अधिक आकडेमोड होते तो एक्सेल हा कार्यक्रमच या शिरस्त्याबाहेर आहे. त्याच्या क्रियाक्रमात एकट्या ऋणचिन्हाला घाताच्याही वरचे स्थान दिलेले आहे. त्यामुळे एखाद्या चौकटीत `=-2^2` लिहिले तर तो 4 दाखवितो, आणि गूगल शीट्स व लिब्रेऑफिस कॅल्क हेही त्याच्याच वळणावर गेलेले आहेत. वजाबाकीचे चिन्ह मात्र एक्सेलमध्येही शेवटच्या पाटावरच बसते. म्हणून A1 मध्ये 2 असता `=9-A1^2` चे उत्तर 5 येते आणि `=-A1^2+9` चे 13. मघाशी जी आपत्ती केवळ कल्पनेने मांडली होती ती येथे प्रत्यक्ष अंमलात आहे. एक्सेल चूक करतो असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण त्याचा क्रम त्याच्या दस्तऐवजांत जाहीर केलेला आहे आणि तो त्याला प्रामाणिक राहतो. परंतु गणिताच्या पुस्तकातील सूत्र डोळे झाकून त्यात उतरविणाऱ्याची तो फसगत करतो, हे मात्र खरे. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की त्याच एक्सेलच्या पोटात व्हीबीए नावाची जी आज्ञावलीची भाषा आहे तीत हेच `-2^2` लिहिले तर −4 येते. म्हणजे एकाच घरात दोन कायदे नांदत आहेत.

ही फसगत केव्हा नुकसान करते ते पाहावयाचे तर संख्याशास्त्रातील प्रसामान्य वितरणाचा घंटाकृती वक्र काढून पाहावा. मध्य शून्य आणि प्रमाण विचलन एक धरले, तर वक्राची उंची e च्या −x²/2 या घाताला 2π च्या वर्गमुळाने भागून मिळते. पुस्तकातील सूत्र जसेच्या तसे उतरवावयाचे तर आपण असे लिहू:

```
=EXP(-A2^2/2)/SQRT(2*PI())
```

A2 मध्ये 0 असता उत्तर 0.399 येते, जे बरोबर आहे, आणि येथेच विश्वास बसतो. पण A2 मध्ये 1 घातला की 0.242 च्या जागी 0.658 येते, 2 घातला की 0.054 च्या जागी 2.948, आणि 3 घातला की 0.0044 च्या जागी जवळजवळ 35.9. मध्यापासून दूर जावे तसा वक्र जमिनीकडे उतरण्याऐवजी आकाशाकडे झेपावतो, कारण ऋणचिन्ह वर्गाच्या आत ओढले गेल्यामुळे नाहीसे झाले आहे. आलेख काढला असेल तर घंटेच्या जागी द्रोण दिसतो आणि चूक एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु हीच राशी एखाद्या मोठ्या सूत्राच्या पोटात दडलेली असेल आणि तिच्यातून निघालेला एकच आकडा अहवालात जात असेल, तर ती कळण्याची आशा थोडी. उपाय सोपा आहे: वर्गालाच कंसात घालून `-(A2^2)/2` लिहावे. कोणी `-0.5*A2^2` असे लिहिले असते तर त्याला नकळत बरोबर उत्तर मिळाले असते, कारण तेथे ऋणचिन्ह 0.5 ला चिकटते आणि वर्गाच्या वाटेला जात नाही. म्हणजे कागदावर सर्वस्वी समान असलेल्या दोन राशींपैकी एक तारते आणि दुसरी बुडविते.

आज्ञावलीच्या भाषा रचणाऱ्यांनी मात्र बहुतांशी गणिताचीच बाजू घेतली. १९५७ मध्ये आयबीएमच्या यंत्रासाठी आलेल्या फोर्ट्रानमध्ये खांद्यावर अंक देण्याची सोय नसल्यामुळे घातासाठी दोन फुल्या जोडून वापरण्याची प्रथा पडली, आणि तीच आज पायथॉनमध्येही आहे. पायथॉनला विचारले तर तो असा जबाब देतो:

```
>>> -2**2
-4
>>> (-2)**2
4
>>> x = -2
>>> x**2
4
```

यातील शेवटच्या दोन ओळी विचार करण्यासारख्या आहेत. −2 या संख्येला x असे नाव दिल्यानंतर तिचा वर्ग 4 च येतो, कारण नाव हे एकच चिन्ह आहे आणि घातांक त्या सबंध चिन्हाला लागू होतो. नाव काढून त्याच्या जागी मूळ मजकूर लिहावयाचा तर नावाने जे काम निमूटपणे केले ते करण्यासाठी कंस घालणे प्राप्त होते. विवेचकात b च्या जागी −5 ठेवताना जे घडले ते हेच होते.

जावास्क्रिप्ट या भाषेत घाताची ही खूण २०१६ च्या आवृत्तीत आली, आणि तोवर दोन्ही परंपरा प्रचारात असल्यामुळे त्या भाषेच्या कारभाऱ्यांनी तिसराच मार्ग धरला. तेथे `-2 ** 2` असे लिहिले तर 4 ही मिळत नाही आणि −4 ही मिळत नाही. मजकूर अशुद्ध आहे असे सांगून भाषा तो परत पाठविते, आणि `(-2) ** 2` किंवा `-(2 ** 2)` यांपैकी एक लिहून आपला हेतू स्पष्ट करण्यास भाग पाडते. संख्येच्या जागी x लिहिला तरी नकार तोच. यंत्राशी बोलताना हा कडकपणा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण यंत्राला चिन्हामागचा मनुष्याचा इरादा दिसत नाही. परंतु तोच कायदा कागदावर लागू करावयाचा म्हटले, तर −x² + 9 अशा प्रत्येक बहुपदीच्या आरंभी एक जादा कंस वागवावा लागेल, आणि पदे लावताना तो कधी ठेवावा व कधी काढावा याचे नवे नियम मुलांना पाठ करावे लागतील. तेवढ्यासाठी जुना शिरस्ता मोडावा असे मला वाटत नाही.